उद्या सकाळपासून

"तुमचे खाते मंजूर झाले आहे. उद्या सकाळपासून तुम्ही माल मागवू शकता."

पत्राची सुरुवात या दोन वाक्यांनी होते. वर तारीख, तिच्याखाली दुकानाचं नाव आणि मग लगेच हेच. माझ्या भाचीने गेल्या वर्षी कराडला औषधांचं दुकान काढलं. साताऱ्याच्या एका घाऊक औषधविक्रेत्याने, म्हणजे या धंद्यातल्या भाषेत स्टॉकिस्टने, तिला उधारीचं खातं उघडून दिलं आणि त्यासोबत हे दीड पानाचं पत्र धाडलं. "मामा, हे बघ, किती सरळ लिहिलंय," म्हणत तिने ते माझ्या हातात दिलं. माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी विभागात गेली. पुरवठादारांची पत्रं वाचणं आणि त्यांना उत्तरं देणं हेच माझं काम होतं, त्यामुळे असं पत्र हातात आलं की मी ते पेन्सिल घेऊन वाचतो. या पत्रावर मी खूप खुणा केल्या, आणि त्यातल्या बहुतेक पसंतीच्या होत्या.

पहिल्या वाक्याचं मोल कळायला आधीचे अकरा दिवस माहीत असायला हवेत. किरकोळ विक्रीचे नमुना 20 आणि नमुना 21 हे दोन्ही परवाने, जीएसटीचं प्रमाणपत्र, फार्मासिस्टच्या नोंदणीची प्रत, एक रद्द केलेला चेक आणि ज्यांच्याशी आधी व्यवहार झाला आहे अशा दोन विक्रेत्यांचे नंबर, एवढं सगळं तिने दिलं होतं. परवान्याच्या प्रतीचा आग्रह काही स्टॉकिस्टची लहर नसते. परवाना नसलेल्याला विकण्यासाठी औषधं पुरवली तर घाऊकवाल्याचाच परवाना अडचणीत येतो. म्हणून कागद तपासायला वेळ लागतो, आणि तो वेळ नव्या दुकानदाराला फार जड जातो. फर्निचरचे पैसे गेलेले असतात, भाडं सुरू झालेलं असतं, कपाटं अर्धी रिकामी असतात. अशा माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो: माल कधी मिळेल? पत्राने त्याचं उत्तर सगळ्यांत आधी दिलं. "आपले सहर्ष स्वागत" हे शब्द पत्रात आहेत, पण ते शेवटी, सहीच्या वर. तिथे ते शोभतात, कारण तोवर वाचणाऱ्याचं काम झालेलं असतं.

त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या एका विक्रेत्याचंही पत्र आलं होतं. ते असं सुरू होतं: "आपल्यासारख्या मान्यवर ग्राहकाशी जोडले जाण्याचा आम्हास आनंद होत असून आपण आमच्या अटींचे पालन कराल अशी अपेक्षा आहे." त्या पत्रात अटी होत्याच, पण खातं सुरू झालं की नाही हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिला फोन करून विचारावं लागलं.

दोन्ही पत्रं शेजारी ठेवली की एक शब्द उठून दिसतो: "आपण". व्यापारी पत्रात आदर म्हणून हा शब्द वापरतात. पण मराठीत "आपण"चे दोन अर्थ आहेत. समोरच्याला मान देऊन "तुम्ही" म्हणायचं तरी आपण, आणि तुम्ही-आम्ही मिळून म्हणायचं तरी आपण. "माल पोहोचल्यावर आपण खोक्यांची मोजणी करावी" असं वाक्य त्या दुसऱ्या पत्रात आहे. मोजणी नेमकी कोण करणार? दुकानदाराने एकट्याने, की डिलिव्हरीला आलेल्या मुलासोबत? एखादा खोका कमी निघाला की सगळा वाद याच एका शब्दावर येऊन ठेपतो. साताऱ्याच्या पत्रात "आपण" फक्त त्या शेवटच्या स्वागतापुरता आहे. बाकी सगळीकडे "तुम्ही" आणि "आम्ही". "खोके तुम्ही मोजा. आमचा माणूस मोजणी होईपर्यंत थांबेल." दोन छोट्या वाक्यांत दोघांची कामं वेगळी झाली, आणि आदर जराही कमी झाला नाही. समोरच्याने मोजेपर्यंत आपला माणूस थांबवून ठेवणं हाच मोठा आदर आहे.

हेच क्रियापदांच्या बाबतीत. "कळविण्यात येईल", "दखल घेतली जाईल", "कार्यवाही करण्यात येईल" या रूपांमधून माणूस गळून पडतो. काम कुणीतरी करेल, पण कोण ते समजत नाही. या पत्रात अशी रचना मला एकदाच सापडली, तीही बँकेबद्दलच्या वाक्यात, जिथे करणारी खरोखरच तिसरी संस्था आहे.

माल कसा मागवायचा यावर पत्रात एकच परिच्छेद आहे, पण तो दुकानात बसून लिहिल्यासारखा आहे. सकाळी 11 पर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी संध्याकाळी, नंतरची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. ऑर्डर व्हॉट्सॲपवर लिहून द्यायची. फोनवर सांगितली तरी लिहून पाठवल्याशिवाय ती पक्की नाही. मग येतं हे वाक्य: "संख्या लिहिताना पट्टी की बॉक्स ते लिहा, नुसते 10 लिहिले तर आम्ही 10 पट्ट्या समजू."

मला हे वाक्य फार आवडलं. सूचना बहुतेक सगळेच देतात: नीट लिहा, स्पष्ट लिहा. इथे सूचना आहेच, पण ती पाळली गेली नाही तर काय होईल तेही त्याच श्वासात सांगितलंय. आणि निवडलेला अर्थ कमी खर्चाचा आहे. दहा बॉक्सऐवजी दहा पट्ट्या आल्या तर दुसऱ्या दिवशी आणखी मागवता येतात. दहा बॉक्स आले तर नव्या दुकानाची आठवड्याची उधारी एका औषधात अडकते. शंका आली की ग्राहकाला कमीत कमी तोटा होईल असा अर्थ धरायचा, हा नियम त्यांनी आधीच स्वतःला घालून घेतलाय. त्याच परिच्छेदात औषधाच्या नावापुढे मिलिग्रॅम आणि "एसआर" असेल तर तेही लिहा, असं उदाहरणासह दिलंय: मेटफॉर्मिन 500 आणि मेटफॉर्मिन 500 एसआर ही दोन वेगळी औषधं आहेत. एक लगेच विरघळतं, दुसरं हळूहळू, आणि ती एकमेकांच्या जागी देता येत नाहीत. काउंटरवर घाईत लिहिताना सुटणारी नेमकी हीच दोन अक्षरं.

पुढची दोन वाक्यं: "मागवलेले औषध नसेल तर दुसऱ्या कंपनीचे तेच औषध आम्ही विचारल्याशिवाय पाठवणार नाही. न मिळालेला माल आम्ही पुढच्या दिवसासाठी धरून ठेवत नाही, पुन्हा मागवा." इथे दोन नकार एकामागून एक येतात. पहिला ग्राहकाच्या बाजूचा आहे, दुसरा स्टॉकिस्टच्या सोयीचा. दोन्ही एकाच आवाजात सांगितलेत. गैरसोयीचा नकार खालच्या बारीक अक्षरांत लपवलेला नाही. हा दुसरा नकार जिथे सांगितलेला नसतो, तिथे दुकानदार रोज वाट बघतो की कालचं राहिलेलं आज येईल. तीन दिवसांनी पेशंट दुसऱ्या दुकानात जातो, आणि मग स्टॉकिस्टवर राग निघतो. खरं तर माल धरून न ठेवण्याला कारण आहे: नवा माल येईपर्यंत दुकानदाराने तो दुसरीकडून घेतलेला असतो आणि मग दुहेरी माल परत येतो. ते कारण पत्रात नाही. असतं तर बरं झालं असतं, पण ती माझी फार मोठी तक्रार नाही.

आता मर्यादेचा परिच्छेद. पत्राचा खरा कस इथे दिसतो, म्हणून मी इथे जास्त थांबणार आहे.

नव्या खात्याला दोन आकडे मिळतात. एक रकमेचा आणि एक दिवसांचा. तिला 60,000 रुपयांची मर्यादा आणि बिलाच्या तारखेपासून 21 दिवसांची मुदत मिळाली होती. नव्या दुकानदाराला वाटतं, या दोन स्वतंत्र सवलती आहेत: साठ हजारांपर्यंत उधारी करता येईल आणि प्रत्येक बिल भरायला तीन आठवडे मिळतील. प्रत्यक्षात त्या एकमेकींना अडवतात. जी आधी संपते ती लागू होते. पुष्कळ पत्रांत दोन्ही आकडे फक्त लिहून दिलेले असतात, आणि दोघांमधलं नातं ग्राहकाला अनुभवातून शिकावं लागतं. इथे ते असं मांडलंय:

"तुमची खरेदी दिवसाला सरासरी 2,850 रुपयांपर्यंत असेल तर तुम्हाला पूर्ण 21 दिवस वापरता येतील. दिवसाला 4,000 रुपयांचा माल घेतलात तर पंधराव्या दिवशी 60,000 पूर्ण होतील. तेव्हा तुमच्या एकाही बिलाची मुदत संपलेली नसेल, तरीही सोळाव्या दिवशी आमच्या संगणकावर तुमचे बिल निघणार नाही. असे होऊ नये म्हणून पंधराव्या दिवसाआधी काही रक्कम भरा. तीन महिने व्यवहार नीट झाला की मर्यादा वाढवून मागा."

हिशोब करून पाहिला. 2,850 ला 21 ने गुणलं तर 59,850 येतात, म्हणजे आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. 4,000 ला 15 ने गुणलं तर बरोबर 60,000. उदाहरण जमावं म्हणून निवडलेली गोल संख्या, पण भागाकार खरा केलेला. सगळ्यांत सुंदर शब्द मला "तरीही" वाटतो. तुमच्या एकाही बिलाची मुदत संपलेली नसेल, तरीही. ग्राहकाला त्या सोळाव्या सकाळी जो अन्याय वाटणार आहे, तो या एका शब्दाने पंधरा दिवस आधीच मान्य केलाय. "मी एकही बिल थकवलेलं नाही, मग माल का थांबवला?" हा प्रश्न लिहिणाऱ्याने फोनवर शेकडो वेळा ऐकला असणार, आणि पत्र लिहिताना तो त्याच्या कानात असणार. त्याने प्रश्न विचारणाऱ्याला चूक ठरवलं नाही. असं वाटेल हे ठाऊक आहे एवढंच सांगून रस्ता दाखवला.

"आमच्या संगणकावर तुमचे बिल निघणार नाही" या शब्दरचनेकडेही लक्ष द्यावं. "तुमचा पुरवठा रोखण्यात येईल" असंही म्हणता आलं असतं. त्या वाक्यात शिक्षा आहे, या वाक्यात घटना आहे. आणि घटना तशीच घडते: काउंटरवरचा मुलगा ऑर्डर टाकतो, पडद्यावर लाल ओळ येते, त्याच्या हातात काही नसतं. हे ठाऊक असलं की दुकानदार त्या मुलावर चिडत नाही.

माझ्या भाचीने हा परिच्छेद वाचला आणि वहीत तिच्या आठवड्याच्या खरेदीचा अंदाज मांडला. दुकान नवीन असल्याने पहिल्या महिन्यात कपाट भरण्यासाठी जास्त माल लागणार होता, दिवसाला साधारण पाच हजारांचा. म्हणजे बाराव्या दिवशीच मर्यादा भरणार. तिने आधीच ठरवून दर सोमवारी 20,000 भरायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात तिची ऑर्डर एकदाही अडली नाही. पत्राशिवाय हे तिला कळायला एक वाईट सकाळ लागली असती.

पैसे भरण्याच्या परिच्छेदातही अशीच एक बारीक गोष्ट आहे. खात्यात पैसे जमा केले की कोणत्या बिलांसाठी ते कळवा, नाही कळवलं तर आम्ही सगळ्यांत जुन्या बिलापासून वजा करू, असं लिहिलंय. चेक दिला तर तो वटल्यावरच मर्यादा मोकळी होईल, हेही. ऑनलाइन भरणा त्याच दिवशी धरतात, चेकला वेळ लागतो, हा फरक मर्यादेच्या काठावर असलेल्या माणसाला कळायला हवा, आणि तो बरोबर मर्यादेच्या परिच्छेदाच्या लगेच खाली ठेवलाय.

रोखीबद्दल दोन वाक्यं आहेत: "डिलिव्हरीच्या मुलाकडे रोख देऊ नका. एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख आम्ही घेत नाही, कारण आयकरात तो खर्च तुम्हाला दाखवता येणार नाही." पहिलं वाक्य स्टॉकिस्टचं रक्षण करतं, दुसरं ग्राहकाचं. आयकर कायद्याप्रमाणे एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोखीने दिलेला खर्च, काही अपवाद सोडले तर, धंद्याचा खर्च म्हणून मान्य होत नाही. हा तोटा देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा नव्हे. घेणाऱ्याने तो स्वतःहून सांगणं मला विशेष वाटलं. "तुम्हाला" हा शब्द तिथे बरोबर पडलाय.

चेक परत गेला तर काय, याबद्दल पत्र म्हणतं: बँक जो आकार लावेल तो तुमच्या खात्यावर टाकू आणि पुढचे तीन महिने तुमच्याकडून चेक घेणार नाही. कायद्याने याहून पुढे जाता येतं. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यावर 30 दिवसांत नोटीस द्यायची, पैसे भरायला 15 दिवस द्यायचे आणि तरीही न भरल्यास खटला करायचा, अशी वाट आहे. पुष्कळ पुरवठादार पहिल्याच पत्रात 138 चा आकडा छापतात. इथे तो नाही. मी यावर बराच विचार केला, कारण कायद्याचा उल्लेख टाळणं हा कधीकधी दुबळेपणाही असतो. पण जे लिहिलंय ते हे लोक खरंच करतात: चेक घेणं बंद करतात. खटल्याची धमकी बहुतेक वेळा धमकीच राहते, आणि एकदा ती पोकळ ठरली की पत्रातल्या बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास जातो. करणार तेच लिहायचं, हा या पत्राचा नेम आहे, आणि तो इथेही पाळलाय.

उरलं अर्धं पान तक्रारींचं. एकूण पत्राचा तिसरा भाग तक्रारीला दिलाय, तेही खातं सुरू होण्याच्या दिवशी. नव्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी तक्रारीबद्दल इतकं कशाला सांगायचं, असं कुणाला वाटू शकेल. पण औषधांच्या मालात तक्रार येणारच. सिरपची बाटली फुटते, बिलावरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळत नाही, दहाच्या जागी नऊ येतात. म्हणून इथे तक्रारी विषयावरून नाही, वेळेवरून विभागल्या आहेत. मला हे फार हुशारीचं वाटलं.

काही तक्रारी दारातच करायच्या: खोके कमी असणं, खोक्याची पट्टी फाटलेली असणं आणि थंड माल. काही 24 तासांत: आतली मोजणी, फूटतूट, बॅच. काहींना मुदतच नाही: दर चुकीचा लागणं आणि औषधाच्या गुणवत्तेची शंका. या विभागणीमागे एक साधी गोष्ट आहे. पुरावा किती वेळ टिकतो यावर प्रत्येक मुदत ठरलीय. खोके कमी आहेत हे डिलिव्हरीचा मुलगा समोर असतानाच सिद्ध होतं. फुटलेली बाटली एक दिवस तरी तशीच ठेवून फोटो काढता येतो. दर मात्र बिलावर छापलेला असतो, तो कधीही पुन्हा बघता येतो. पत्रात हे तत्त्व शब्दांत सांगितलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ते मुदतींमधून कळतं, आणि एकदा कळलं की मुदती पाठ करायला लागत नाहीत.

दर चुकला तर काय करायचं, तिथे ही वाक्यं आहेत: "बिलावर खाडाखोड करू नका. आम्ही फरकाची क्रेडिट नोट देऊ." स्टॉकिस्टने ते बिल जीएसटीच्या विवरणात भरलेलं असतं किंवा भरणार असतो, आणि तेच दुकानदाराच्या बाजूलाही दिसतं. कागदावर आकडा खोडला तर दोन्हीकडचे हिशोब जुळत नाहीत. क्रेडिट नोटनेच तो फरक दोन्हीकडे सारखा उतरतो. पत्रात यातलं फक्त "खाडाखोड करू नका" आलंय, कारण ग्राहकाला करायचं तेवढंच आहे.

आता ती वाक्यं, ज्यांच्याखाली मी दोन रेघा ओढल्या:

"एखाद्या वस्तूबद्दल तक्रार असेल तर तेवढी रक्कम वगळून बाकी बिल भरा. उदाहरणार्थ 6,420 रुपयांच्या बिलात मिळून 184 रुपयांच्या दोन बाटल्या फुटल्या असतील तर 6,236 रुपये भरा. उरलेल्या 184 रुपयांसाठी तुमचे बिल थकीत धरणार नाही."

उधारीच्या व्यवहारात जी कटुता येते, तिची सुरुवात बहुधा इथेच होते. ग्राहकाला वाटतं, तक्रार मिटेपर्यंत बिल भरायचं नाही. तोच त्याच्या हातातला एकमेव दाब. पुरवठादाराला दिसतं, मुदत संपली, सहा हजार थकले. दोन बाटल्यांच्या भांडणात सहा हजार अडकतात, खातं थांबतं, आणि मग कुणीच आधी हलायला तयार नसतं. मी नोकरीत हे अनेकदा पाहिलंय. तीनशे रुपयांच्या नटबोल्टांसाठी लाखभर रुपयांची बिलं दोन-दोन महिने पडून राहिली होती. त्या प्रकरणात चूक आमच्या विभागाची होती, आम्हीच पूर्ण बिल रोखून धरलं होतं. ही वाक्यं दोघांनाही सुटायला जागा देतात. ग्राहकाचा दाब कायम राहतो, पण तेवढ्याच रकमेपुरता. स्टॉकिस्टचे पैसे येत राहतात. आणि शेवटचं वाक्य नसतं तर पहिल्या दोन वाक्यांना काही अर्थ उरला नसता, कारण मग संगणक त्या 184 रुपयांपायी पूर्ण बिल लाल दाखवत राहिला असता. "थकीत धरणार नाही" म्हणजे कुणीतरी आत बसून ते बिल हाताने वेगळं काढून ठेवतं. हे कष्ट त्यांनी स्वतःकडे घेतले.

गुणवत्तेच्या तक्रारीचा स्वर वेगळा आहे. तिथे वाक्यं आणखी छोटी होतात. "गोळीचा रंग बदललेला दिसला, सिरपमध्ये गाळ दिसला, पेशंटने त्रास सांगितला, तर त्या बॅचची विक्री लगेच थांबवा. उरलेला माल फेकू नका, वेगळा ठेवा. आम्हाला फोन करा, रात्रीसुद्धा." पैशांच्या परिच्छेदांमध्ये मुदती आणि आकडे होते, इथे फक्त क्रियापदं आहेत. थांबवा, फेकू नका, ठेवा, करा. "रात्रीसुद्धा" हा एकच शब्द सांगून जातो की इथे प्रश्न मालाचा नसून माणसाचा आहे. माल वेगळा ठेवायला सांगणंही महत्त्वाचं. फेकला तर कंपनीला किंवा औषध प्रशासनाला तपासायला काही उरत नाही.

आणि याच भागात मला पत्रातली एकमेव खरी चूक सापडली. इन्सुलिन आणि लसींबद्दल लिहिलंय: "थंड मालाचे खोके दारातच उघडा. आतली बर्फाची पाकिटे पूर्ण वितळलेली असतील तर माल घेऊ नका, बिलावर तसे लिहून परत द्या. एकदा घेतलेला थंड माल आम्हाला परत घेता येत नाही." शेवटचं वाक्य कडक वाटतं, पण ते बरोबर आहे. हा माल 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवा. एकदा तो दुकानात गेला की मधल्या काळात तो कुठे होता हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तसा माल दुसऱ्या पेशंटला विकणं धोक्याचं. पण या तीन वाक्यांना फक्त उष्णता दिसते. थंड माल उलट बाजूनेही बिघडतो. इन्सुलिनची कुपी बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटून राहिली तर ती गोठू शकते, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. पत्राप्रमाणे वागलं तर पाकिटं टणक आहेत हे बघून दुकानदार निश्चिंत होईल आणि नेमका बिघडलेला माल घेऊन ठेवेल. ज्या पत्राने पट्टी आणि बॉक्समधला फरक सांगितला, त्याच्याकडून हे सुटायला नको होतं.

मी हे भाचीला सांगितलं. तिने पत्रातल्याच तक्रारीच्या नंबरवर फोन केला आणि सांगितलं की माझी तक्रार मालाबद्दल नाही, पत्राबद्दल आहे. पलीकडच्या बाईंनी तिला पत्रात कबूल केल्याप्रमाणे तक्रार क्रमांक दिला आणि दोन कामाच्या दिवसांत उत्तर येईल असं सांगितलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, एक दिवस उशिरा. सोबत सुधारलेलं पान होतं. थंड मालाच्या परिच्छेदात एक वाक्य वाढलं होतं: "पाकीट आणि कुपी यांच्यामध्ये पुठ्ठा नसेल, किंवा कुपीत बर्फाचे कण दिसले, तरीही घेऊ नका."

"तरीही" पुन्हा आला होता. पाकिटं गार आहेत, माल वेळेवर आलाय, मुलगा दारात थांबलाय, सगळं ठीक दिसतंय, तरीही. भाचीने ते पान फ्रिजच्या दारावर चिकटवलंय. डिलिव्हरीचा मुलगा खोका उघडला की आता स्वतःच आधी पुठ्ठा आहे का ते बघतो.